१ ते १०० ची बेरीज: ओळ दुमडावी की उलटी मांडावी?

१ ते १०० ची बेरीज जोड्या लावून करायच्या दोन रीती आहेत. मुलांना यातली कोणती शिकवावी, असा प्रश्न असेल तर माझं मत असं: सुरुवात पहिलीने करा, पण मुक्काम दुसरीवर करा.

पहिली रीत दुमडण्याची. आकड्यांची ओळ मधोमध दुमडली की १ समोर १०० येतो, २ समोर ९९ आणि शेवटी ५० समोर ५१. प्रत्येक जोडी १०१ ची, जोड्या ५०, म्हणून ५०५०. हे तोंडी होतं. पुढे मोठा गणिती झालेल्या लहानग्या गाउसच्या नावाने हीच गोष्ट सांगतात. १८५६ मध्ये छापलेल्या त्याच्या चरित्रात मात्र नुसत्या श्रेढीचा, म्हणजे सारख्या फरकाने वाढणाऱ्या आकड्यांच्या ओळीचा, उल्लेख आहे, १ ते १०० नंतर चिकटले. ‘पहिलं अधिक शेवटचं पद, गुणिले पदसंख्येचा अर्धा’ हा नियम तर आर्यभटाने ४९९ मध्येच दिला होता.

दुसऱ्या रीतीत पूर्ण ओळ लिहायची आणि तिच्याखाली तीच उलटी. १०० स्तंभ, प्रत्येकी १०१, एकूण १०१००. प्रत्येक आकडा दोनदा धरला गेला, म्हणून निम्मं करायचं.

फरक कळतो तो ७, ११, १५, … ८७ अशी श्रेढी घेतली की. एक टोक ४ ने वाढतं, दुसरं ४ ने घटतं, त्यामुळे जोडी ९४ चीच राहते. पण पदं २१ आहेत. दुमडलं तर १० जोड्यांचे ९४० होतात आणि मधला ४७ एकटा उरतो. तो आठवणीने मिळवला तरच ९८७. उलट्या ओळीत कुणी एकटं उरत नाही: २१ गुणिले ९४ म्हणजे १९७४, त्याचं निम्मं ९८७. सम-विषम बघावंच लागत नाही, म्हणून मला ही रीत भरवशाची वाटते.

खरी चूक पदं मोजताना होते. ८७ वजा ७ म्हणजे ८०, भागिले ४ म्हणजे २०, आणि पोरं तिथेच थांबतात. पण २० ही मधल्या उड्यांची संख्या आहे. पदं एकाने जास्त. शंका आली तर ७, ११, १५ एवढंच घ्या: उड्या दोन, पदं तीन.

जोडी लावण्याआधी दुसरी जोडीही तपासून पाहा. १, २, ४, ८ मध्ये टोकांची बेरीज ९ येते, मधल्यांची ६. तिथे यातली कुठलीच रीत चालत नाही.

आणि शेवटचं पद दिलेलं नसेल तर? ७ पासून ४ च्या २० उड्या मारा, ८७ मिळतो. दहावीचं n/2 [2a + (n−1)d] हे सूत्र तेच करतं. n म्हणजे पदसंख्या, d म्हणजे एका उडीचा फरक; 2a मधला एक a पहिलं पद, आणि उरलेलं a + (n−1)d म्हणजे शेवटचं.