गाडीची खिडकी की तलाठ्याचं टेबल?

वडील गेलेत, मुलगा जमीन विकायला संगमेश्वरकडच्या गावी चाललाय. कादंबरीचं पहिलं प्रकरण कुठून उघडायचं? ठाण्याहून रात्रीच्या तुतारीत बसवून, की थेट तलाठी कार्यालयात? मी दोन्ही लिहून बघितलं.

गाडीतली सुरुवात सोपी जाते आणि वाचायलाही बरी वाटते. पनवेल गेलं की डबा निजतो, खिडकीत काळोख, आणि वडील आठवायला लागतात. माझं घोडं इथेच अडलं. बारा पानांत ‘आठवलं’ सतरा वेळा आलं होतं. वडील म्हणाले होते, आजी रडली होती, बांध फुटला होता. सगळं होतं-होतं. ‘होतं’ काढलं तर भूतकाळ कुठला आणि गाडी कुठली कळेना, ठेवलं तर वाक्यं लंगडायला लागली. त्यात बाबा इतके गुणी झाले की ते वडील वाटेनात, हार घातलेला फोटो वाटू लागले. मुलगा तर नुसता बसून.

वर एक घोडचूक. तेराव्याला मी त्याच्याकडून खरेदीखत करून घेतलं. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त तलाठी वाचून म्हणाले, “अहो, सातबारा अजून बापाच्या नावावर, आणि हा विकतोय काय?” आधी वारसांचा अर्ज, मग फेरफाराची नोंद, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. नवं नाव लागतं ते त्यानंतर. मला आधी ही कटकट वाटली. मग लक्षात आलं, मुलाला गावात अडकवायला याहून चांगलं कारण मला सुचलंच नसतं.

म्हणून दुसरा खर्डा टेबलापाशी सुरू केला. वारसांची नावं सांगताना तो आईचं आणि स्वतःचं सांगतो. तलाठी विचारतो, “बहिणी?” तो क्षणभर थांबतो. तेवढ्या थांबण्यात पात्र उभं राहिलं, ‘आठवलं’ लिहावं लागलं नाही.

धोका अर्थात आहे. नमुने आणि कलमांची जंत्री झाली की वाचक जांभया देतो. मी एकच रकाना ठेवला, ‘इतर हक्क’. त्यात आत्याचं नाव. सातबारा हल्ली फोनवरही दिसतो, पण ते नाव तिथं कधी आणि कसं गेलं हे बघायला जुनं फेरफार रजिस्टरच उघडावं लागतं. मुलगा गावी जातो तो त्यासाठी.

तुमची कादंबरी मुळात वडिलांचीच असेल, किंवा मुलगा वीस वर्षांनी परतत असेल, तर गाडी कदाचित शोभेलही. एखाद्याला ते ‘होतं-होतं’ पेलतंही. मला नाही पेललं.

माझ्या प्रकरणाच्या शेवटी जमीन घेणारा आत्याची सही मागतो. आत्या राहते कळव्याला, त्याच्या घरापासून एका स्टेशनावर.