दुकानात पिळून दाखवलेली फ्रेम आणि घरी आलेली फ्रेम

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला प्लसचा मोठा नंबर आहे आणि चष्मा काढला की तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. झोप आणि अंघोळ सोडली तर चष्मा डोळ्यांवरच हवा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. नजर घडायचं हेच वय असतं, त्यामुळे चष्मा मोडून चार दिवस घरात पडून राहणं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणून दुकानात गेल्या गेल्या मी एवढंच सांगितलं, की फ्रेम न तुटणारी हवी.

दुकानदाराने लगेच एक निळी फ्रेम काढली. तिची काडी बोटाभोवती गुंडाळली, पुढचा भाग टॉवेल पिळावा तसा पिळला आणि सोडला. फ्रेम जशीच्या तशी झाली. "ताई, ही टीआर-९० आहे, रबरासारखी. हिच्यावर बसलात तरी काही होणार नाही." माझ्या मुलीने हसत हसत ती स्वतः पिळून पाहिली. मी तिथेच भुलले. त्या फ्रेमला काचा नव्हत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

चष्मा तयार होऊन आला तेव्हा रंग तोच, आकार तोच. काडीच्या आतल्या बाजूला टीआर-९० असं छापलेलंही होतं. मी तो वाकवून पाहिला नाही. नवा कोरा चष्मा, त्यात नंबरच्या काचा, कोण वाकवून बघणार? त्यांचा सगळा भरवसा याच संकोचावर होता.

एकोणिसाव्या दिवशी मुलीने जेवताना एका हाताने चष्मा ओढून काढला आणि डावी काडी तिच्या हातात आली. मला वाटलं स्क्रू पडला असेल. उजेडात धरून पाहिलं तर स्क्रू जागच्या जागी होता. बिजागरीचं धातूचं मूळ, नखाएवढंही नसेल, प्लॅस्टिकमधून उपटून बाहेर आलं होतं. भोवतीचं प्लॅस्टिक पांढरं पडून दोन ठिकाणी चिरलं होतं. आता तिथे स्क्रू बदलून किंवा चिकटवून काही उपयोग नव्हता, कारण धरून ठेवणारी भिंतच फुटली होती.

दुकानदार म्हणाला, "गॅरंटी फ्रेमची आहे, बिजागरीची नाही. मुलीने ओढलं, त्याला आम्ही काय करणार?" पावतीवर नुसतं 'लहान मुलांची फ्रेम' एवढंच लिहिलेलं. कशाची बनलेली, कोणतं मॉडेल, काही नाही. मी कशाच्या आधारावर भांडणार होते?

दुसऱ्या एका ऑप्टिशियनकाकांनी ती मोडकी फ्रेम हातात घेतली आणि पुढच्या भागाची उरलेली बाजू हळूच वाकवली. वाकलेल्या जागी लगेच पांढरी रेघ उमटली आणि ती गेली नाही. ते म्हणाले, टीआर-९० हे नायलॉनच्या जातीचं, हलकं आणि लवचीक प्लॅस्टिक आहे. ते असं एवढ्यातेवढ्यात पांढरं पडत नाही, वाकतं आणि परत येतं. आमच्या फ्रेमची फक्त काडीची टोकं मऊ होती. बाकी सगळं साधं, कडक प्लॅस्टिक आणि वर रंग. छाप काय, कशावरही मारता येतो.

मग त्यांनी मला जे दाखवलं ते मी आधी पाहायला हवं होतं. मुलं चष्मा दोन्ही हातांनी, सरळ पुढे काढत नाहीत. एका काडीला धरून बाजूला ओढतात. सगळा ताण त्या एका बिजागरीवर येतो. पूर्ण फ्रेम रबरासारखी असली आणि बिजागरी मात्र पातळ प्लॅस्टिकमध्ये खुपसलेली धातूची पट्टी असली, तर फ्रेम तिथेच तुटणार. म्हणून काडी पूर्ण उघडायची आणि आणखी थोडी बाहेर, हळूच ढकलायची. स्प्रिंगची बिजागरी थोडी पुढे जाते आणि सोडली की आपोआप परत येते. साधी बिजागरी खटकन अडते. ती अडल्यावरही जोर लावला, तर तो मुळावर जातो. ढकलताना बिजागरीच्या मुळाशी प्लॅस्टिक पांढरं पडताना दिसलं, तर ती फ्रेम तिथेच परत ठेवा. आणि ही परीक्षा नमुन्याची नको, काचा बसवून तुमच्या हातात येणाऱ्या चष्म्याची हवी, तीही पैसे पूर्ण देण्याआधी.

दुसरी फसवणूक मला त्याच दिवशी कळली. चष्मा सुरुवातीपासून नाकावरून घसरत होता, म्हणून दुकानदाराने डोक्यामागचा पट्टा फुकट दिला होता. "सैल वाटलं की आवळा." मी आवळत गेले. मुलीच्या नाकाच्या कडेला लाल खुणा पडल्या, पापण्या काचेला घासून काच रोज तेलकट व्हायची. काकांनी काडीच्या आतले आकडे वाचले: ४८, १६, १३०. पहिला काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलीमीटरमध्ये. तिच्या चेहऱ्याला ४२ ची काच आणि ११५ ची काडी बसली. म्हणजे लहान मापाची फ्रेम शिल्लक नव्हती म्हणून मोठी दिली आणि पट्ट्याने ते झाकलं. मोठ्या फ्रेममध्ये प्लसची काच मध्यभागी जाड आणि जड होते, म्हणून ती आणखी घसरते. घसरली की मूल काचेच्या वरून बघतं, आणि मग चष्मा असून नसल्यासारखाच. वर आवळलेला पट्टा दिवसभर काड्या मागे ओढतो तो ताण वेगळाच.

चष्मा पट्ट्याशिवाय नीट बसायला हवा. बाहुली काचेच्या साधारण मध्यावर, नाकावर वजन सारखं वाटलेलं, काडीचं वळण कानामागे. पट्टा धावताना, खेळताना चष्मा खाली पडू नये एवढ्यासाठीच. मऊ, रुंद इलॅस्टिक, डोकं आणि पट्टा यांच्यात बोट सहज जाईल एवढा सैल, आणि कुठे अडकून जोरात ओढला गेला तर सुटून येणारा. झोपताना तो काढायचाच.

आम्ही आता नायलॉनची, धातू नसलेली फ्रेम घेतली आहे. तिची बिजागरीही प्लॅस्टिकचीच, स्क्रूशिवाय खाचेत बसणारी. जास्त ओढली की मोडण्याऐवजी निखळते. तिच्यातही खोट आहे, ती सांगायलाच हवी. हे प्लॅस्टिक गरम करून मनासारखं वळवता येत नाही, त्यामुळे माप पहिल्यापासूनच बरोबर लागतं. आणि कड मऊ असल्याने फ्रेम फार पिळली तर काच निसटते. त्याहून मऊ, पूर्ण रबरी, बिजागरीच नसलेल्या फ्रेम अगदी तान्ह्या मुलांसाठी मिळतात. आमच्या मुलीला काड्या मिटणाऱ्याच हव्या होत्या.

या वेळी पावतीवर फ्रेम कशाची, मॉडेलचा क्रमांक, माप आणि 'बिजागरीसह गॅरंटी' असं लिहून घेतलं. काका हसले, पण त्यांनी लिहून दिलं. शिवाय जुन्या नंबरचा एक जास्तीचा चष्मा कपाटात ठेवला आहे, म्हणजे दुरुस्तीचे दिवस कोरडे जात नाहीत.

काडी आतापर्यंत दोनदा निखळली. दुसऱ्यांदा मुलीनेच ती माझ्याकडे आणून दिली, मी खाचेवर धरून दाबली, टक् आवाज झाला आणि ती चष्मा घालून पुन्हा खेळायला पळाली.