मेमरी फोम, लॅटेक्स की कॉयर: सव्वा वर्षाचा अनुभव

आम्ही कोथरूडमध्ये सर्वात वरच्या मजल्यावर राहतो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दीडपर्यंत उष्णता खाली सोडत असतो. बेडरूममध्ये एसी नाही, पंखा आहे. त्यात माझं बँकेतलं बैठं काम आणि तीन वर्षांपासूनचं कंबरेचं दुखणं. गादी निवडताना या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र करायला हवा होता. पहिल्या वेळी मी फक्त कंबरेचा केला.

जुनी गादी कॉयरची होती, आठ वर्षं वापरलेली. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असायची आणि अर्धा-पाऊण तास हालचाल झाली की मोकळी व्हायची. पायात मुंग्या किंवा बधिरपणा नाही ना, हे डॉक्टरांनी आधी तपासलं. तसं काही नव्हतं, तेव्हा त्यांनी गादी बघायला सांगितली. झाडूचा दांडा गादीवर आडवा ठेवला आणि त्याखालची फट पट्टीने मोजली. माझ्या कंबरेच्या जागी खड्डा दीड इंचाचा होता. पलंगाखाली झाडताना बारीक तपकिरी भुकटीही निघायची. नारळाच्या काथ्याचे धागे रबराच्या चिकाने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. तो चीक वाळून ठिसूळ झाला की धागे सुटतात, भुकटी पडते आणि गादी बसते. ही भुकटी दिसायला लागली की ती गादी उलटून-पालटून फार दिवस चालत नाही.

घरात सगळ्यांचा सल्ला एकच होता: पाठ दुखते तर कडक गादी घे, नाहीतर जमिनीवर सतरंजी टाकून झोप. हे सरसकट खरं नाही. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली होती. तिच्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. ते वाचून मी मेमरी फोम घ्यायचं ठरवलं.

खरेदी डिसेंबरात झाली. दुकानात पाच मिनिटं पडून पाहिलं, अंग अलगद आत गेलं, फार बरं वाटलं. घरी पहिल्याच थंड रात्री ती गादी लाकडासारखी लागली. अंगाची ऊब लागेपर्यंत ती मऊच होत नव्हती आणि कूस बदलली की पुन्हा थंड, कडक भाग अंगाखाली. तरी डिसेंबर-जानेवारी चांगले गेले, कंबर खरोखर हलकी झाली.

एप्रिलमध्ये तीच गादी बदलली. मेमरी फोम तापमानाप्रमाणे वागतो: थंडीत ताठरतो, उन्हात सैलावतो. खोलीत रात्री तीस-एकतीस अंश असताना माझं बसकट जानेवारीपेक्षा खोल जायला लागलं आणि पाठीला बाक यायला लागला. नवऱ्याचं वजन 84 किलो, माझं 58. त्यांची बाजू तर स्पष्टच जास्त दबायची. मे महिन्यात सकाळचं आखडणं परत आलं.

उकाड्याचा त्रास त्याहून मोठा. हा फोम अंगाभोवती साच्यासारखा बसतो, त्यामुळे पाठीला आणि कुशीला वारा लागायला जागाच उरत नाही. वर ‘कूलिंग जेल’ लिहिलेलं होतं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं खरंच गार लागायचं. मग जेलही अंगाइतकं तापायचं आणि पुढची रात्र घामात. एसी लावून झोपणाऱ्या घरात हाच फोम कदाचित वर्षभर सारखा वागेल. आमच्या घरात तो चार महिनेच उपयोगाचा होता.

जूनमध्ये दुसरा प्रयोग केला आणि सध्या तोच चालू आहे: खाली नवी, चार इंचांची कॉयरची गादी आणि वर दोन इंचांचा लॅटेक्सचा टॉपर. पूर्ण सहा इंच लॅटेक्स परवडण्यासारखं नव्हतं, आणि माझ्या मते गरजही नव्हती. वजन पेलायचं काम खालचा कॉयर करतो आणि त्यातून हवाही खेळते. खांदा आणि कंबरेखालच्या हाडाला हवा तेवढा मऊपणा वरचं लॅटेक्स देतं. ते दाबलं की लगेच वर उसळतं, त्यामुळे कूस बदलायला जोर लागत नाही, आणि जून असो की डिसेंबर, त्याचा ताठपणा मला सारखाच जाणवतो.

लॅटेक्स घेताना मात्र वजन करून घ्या. आमचा पलंग सहा बाय पाच फुटांचा. त्या मापाच्या दोन इंच टॉपरचं घनफळ साधारण 0.14 घनमीटर होतं. लॅटेक्सची घनता सहसा घनमीटरला 65 ते 90 किलोच्या आसपास असते, म्हणजे टॉपर नऊ ते साडेबारा किलोचा हवा. पहिल्या दुकानात ‘प्युअर लॅटेक्स’ म्हणून दाखवलेला काट्यावर सहा किलोही भरला नाही. चेन उघडून पाहिली तर वर पातळ लॅटेक्स आणि खाली साधा फोम. मी घेतलेला अकरा किलोचा आहे, आरपार एकसारखी भोकं आहेत आणि पहिले दोन आठवडे रबराचा वास येत होता. वजन जुळलं म्हणजे रबर नैसर्गिकच, असं मात्र नाही. कृत्रिम लॅटेक्स किंवा भुकटी मिसळलेलंही जड असतं, म्हणून चेन उघडून पाहणं सोडू नका.

उंची-कडकपणा जुळला का, हे घरी असं पाहिलं. उताणं झोपून कंबरेखालच्या पोकळीत हात सरकवायचा. हात सहज आरपार गेला आणि वर जागा उरली तर गादी कडक, हात घालताच येत नसेल तर फार मऊ. माझा हात थोडा घासत जातो, तेवढं बरोबर. कुशीवर झोपल्यावर नवऱ्याने मागून फोटो काढला, त्यात मणका सरळ रेषेत दिसला. पहिले पंधरा दिवस अंग थोडं दुखलं, मग थांबलं. आता सकाळी उठल्या उठल्या वाकून बादली उचलता येते.

गारव्याबाबत अपेक्षा माफक ठेवा. लॅटेक्स थंड नसतं, ते फक्त उष्णता कमी धरून ठेवतं. तोही फायदा मी पहिल्या महिन्यात घालवला होता, कारण वर प्लास्टिकचं अस्तर असलेला वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घातला होता. तो काढून जाड सुती खोळ घातली आणि घाम निम्म्यावर आला. पलंगाच्या बॉक्सची फळी प्लायवूडची, पूर्ण बंद. ऑगस्टमध्ये कॉयरच्या खालच्या बाजूला कुबट वास आला आणि बुरशीचे ठिपके दिसले. सुताराकडून फळीला इंचभर व्यासाची भोकं पाडून घेतली आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गादी भिंतीला टेकवून उभी करून पंखा लावतो. वास गेला.

एक चूक टाळा. दसऱ्याआधी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या आणि प्रेमाने टॉपरही खोळ काढून टाकला. कापसाच्या गादीला ऊन मानवतं, लॅटेक्सला नाही. उन्हाने रबर वाळतं. संध्याकाळपर्यंत वरचा पृष्ठभाग पिवळसर झाला होता आणि काही आठवड्यांनी एका कोपऱ्याचे तुकडे बोटाने सुटायला लागले. तो कोपरा आता पायाकडे घेतला आहे. त्यांना कारण सांगितल्यावर टॉपर सावलीत, वाऱ्याला ठेवायचं काम आता त्याच आठवणीने करतात.

मेमरी फोमची गादी आईकडे दिली. तिच्याकडे पहिला मजला आहे, खोली गार असते आणि ती एकटीच, 46 किलोची. तिला ती मानवली आहे.