पहिल्या दिवशी शिकवायचं नाही: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरी जाऊन शिकवणी घेणाऱ्यांसाठी ही पद्धत आहे. पहिली भेट 40 मिनिटांची ठेवायची, त्या दिवशी धडा काढायचा नाही. फी आणि वेळ फोनवरच ठरवून घ्यायची. जूनपासून वापरली, चौथी ते सहावीच्या गणितासाठी चांगली चालते.

दारात आधी मुलाशी बोलायचं, मग आईवडिलांशी. "घरी तुला काय म्हणतात?" एवढं पुरतं. "गणित आवडतं का?" हे विचारू नये, मूल आईकडे बघतं आणि "हो" म्हणतं. खरी अडचण चहा येईपर्यंतची असते. "सर, याचं गणित फारच कच्चं आहे, लक्षच देत नाही," हे मुलासमोरच सुरू होतं आणि त्याची मान खाली जाते. तिथे "ताई, हे निघताना निवांत बोलू, आधी आम्ही दोघं जरा बसतो," असं म्हटलं की बहुतेक आया समजून घेतात. जागा जेवणाच्या टेबलाची उत्तम. टीव्ही मुलाच्या पाठीमागे यायला हवा आणि आपण समोर न बसता शेजारी, म्हणजे वही दोघांनाही सुलट दिसते.

मग तीनच वजाबाक्या. खोडरबर बाजूला, चुकलं तर एक रेघ मारायची. खोडलेली चूक आपल्याला वाचता येत नाही, म्हणून ही अट. पहिली 68 − 23, मुद्दाम सोपी, हात मोकळा होण्यासाठी. दुसरी 52 − 27, तिसरी 403 − 157.

तिसरीचं उत्तर 246. पण कोणी 354 लिहितं. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला, वर कोण खाली कोण हे पाहिलंच नाही. अशा मुलाची दुसरी वजाबाकीही 35 येते. कोणी 256 लिहितं. त्याला हातचा घेता येतो, पण शून्य ओलांडून शतकातून थेट एककाला देतो आणि दशकाच्या घरात पुन्हा 5 मांडतो. दोघांनाही "वजाबाकी येत नाही" हाच शेरा मिळालेला असतो. पहिल्याला दशक सुटा करणं काड्यांच्या जुड्यांनी पहिल्यापासून दाखवावं लागतं, दुसऱ्याला फक्त मधल्या शून्याचं सांगायचं असतं. त्या दिवशी चूक दुरुस्त करू नये. "हे कसं केलंस, मला सांग" एवढंच म्हणावं आणि ऐकावं.

निघताना आईवडिलांना मुलासमोरच सांगायचं: काय येतं ते आधी, मग एकच काम. "दोन अंकी जमतंय, मधे शून्य आलं की अडतं, ते पुढच्या आठवड्यात घेऊ." गुण किती वाढतील, हे बोलू नये.

उणी बाजूही आहे. "आज काही शिकवलंच नाही" असं काही पालकांना वाटतं, म्हणून फोनवर आधीच कल्पना द्यावी. आणि नववी-दहावीला हे चालत नाही. वजाबाक्या पुढे केल्या की मुलांना अपमान वाटतो. त्यांच्याकडून शाळेतली तपासलेली उत्तरपत्रिका मागून घ्यावी, चुका तिथे आयत्या मिळतात.