सीट गरम की केबिन गरम? नाशिकच्या थंडीतला हिशेब

डिसेंबर-जानेवारीत मी रोज पहाटे कॉलेज रोडवरून पिंपळगाव बसवंतला जातो. तीसेक किलोमीटर, पाऊण तास. निफाडच्या बाजूला पारा सहज दहाच्या खाली असतो. इलेक्ट्रिक गाडीत ऊब मिळवायचे दोन मार्ग आहेत: सगळी केबिन तापवायची, किंवा फक्त सीट आणि स्टिअरिंग. दोन हिवाळे मी दोन्ही करून पाहिले.

माझ्या गाडीत साधा विद्युत हीटर आहे, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत केबिन तापवणारा हीट पंप नाही. स्क्रीनवर पाहिलं तर सुरुवातीची दहा मिनिटं तो चार किलोवॅटच्या आसपास ओढतो, मग दीडवर स्थिरावतो. पाऊण तासात साधारण दीड युनिट गेलं. माझी गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर देते, म्हणजे दहा किलोमीटरची रेंज संपली. सीट आणि स्टिअरिंग मिळून सव्वाशे वॅटच्या आत राहतात. तेवढ्याच वेळात त्यांचा खर्च एक किलोमीटरही होत नाही. हा खर्च अंतरावर नसून वेळेवर चालतो, त्यामुळे द्वारका चौकात कोंडीत अडकलात तर हीटर उभ्या गाडीतही रेंज खातो.

हीट पंपाच्या गाडीत ही तफावत बरीच कमी होते. तशी गाडी असेल तर इतकं काटेकोर राहायची गरज कदाचित नाही.

मला खरा त्रास झाला तो गाडीच्या ऑटो मोडचा, म्हणजे ऊब गाडीनेच आपोआप ठरवण्याचा. माझ्या गाडीत ऑटोमध्ये सीट आणि स्टिअरिंगची ऊब क्लायमेटला, म्हणजे केबिनच्या एसी-हीटरच्या यंत्रणेला, जोडलेली आहे. रेंज वाचवायला क्लायमेट बंद केलं की सीटही थंड. उलट सीटसाठी क्लायमेट चालू ठेवलं की हीटर बावीस अंश गाठायला धावतो. सीट वेगळी लावायला मेनूत तीन ठिकाणी बोट लावावं लागे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ऑटोच. अंधारात, ट्रकच्या मागे, गारठलेल्या बोटांनी हे करणं मला धोक्याचं वाटलं. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा शोरूममध्येच क्लायमेट बंद करून सीटची ऊब चालू राहते का ते पाहा. तिला वेगळं बटण असेल तर फारच उत्तम.

तरी ऑटोच्या बाजूनेही सांगायला हवं. मागच्या सीटवर आई असेल तेव्हा मी केबिनच तापवतो, कारण मागे गरम सीट नाहीत. काचेवर वाफ धरली की सीटचा काही उपयोग नाही. तिथे एसी आणि गरम वारा दोन्ही लागतात, मग रेंजकडे बघायचं नाही. शिवाय घरी चार्जर लावलेला असतानाच केबिन तापवून निघालो तर सुरुवातीचा तो चार किलोवॅटचा भार बॅटरीवर पडत नाही.

एकट्याने जाताना मात्र मी सीट दोनवर, स्टिअरिंग चालू आणि हीटर बंद ठेवतो. अंगात जाकीट असतंच, आणि वाटेतल्या ‘दहावा मैल’ या ठिकाणापर्यंत ऊन येतं.