आठ महिन्यांच्या वापरानंतर: बिलिंग ॲप उत्तम, पण पत्त्यातील स्वल्पविराम त्याला झेपत नाही

नेरूळमध्ये आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे आणि नेरूळ, वाशी, ठाणे या भागांत आम्ही घरपोच माल पाठवतो. एप्रिलपासून बिलांसाठी हे ॲप वापरत आहोत. बिल करणे, उधारी लिहिणे, रसीद पाठवणे यांबाबत माझी काहीच तक्रार नाही. हा अनुभव आहे तो फक्त महिनाअखेरीस बिलांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेण्याचा.

पहिले तीन महिने सारे सुरळीत होते, कारण पत्ते मी स्वतः, स्वल्पविराम न देता, एका ओळीत टाइप करत असे. जुलैपासून ग्राहक ऑर्डरच्या लिंकवर आपला पत्ता स्वतः भरू लागले आणि त्या महिन्याची सुमारे सव्वा लाखाची विक्री एक्सेलमध्ये पाच लाखांच्या पुढे गेली. रक्कम पाहून क्षणभर बरे वाटले, हे नाकारत नाही! रकमेचा स्तंभ तपासला, तेव्हा ६२० रुपयांच्या एका बिलापुढे ४००६०२ असा आकडा होता, म्हणजे नौपाड्याचा पिनकोड.

कारण शोधताना एक धडा मिळाला: अशी फाइल आधी एक्सेलमध्ये नव्हे, तर नोटपॅडमध्ये उघडावी, कारण एक्सेल तुकडे पाडून झाल्यावरचे चित्र दाखवते. नोटपॅडमध्ये दिसले ते असे:

```
बिल,नाव,पत्ता,पिन,रक्कम
1038,ग्राहक क,तळमजला, नौपाडा,400602,620
1042,ग्राहक ख,फ्लॅट 302, बी विंग, सेक्टर 19, नेरूळ,400706,850
```

सीएसव्हीमध्ये स्वल्पविराम म्हणजे स्तंभाची भिंत. पहिल्या पत्त्यात एक जादा स्वल्पविराम असल्याने पुढचे सगळे एक घर सरकले आणि पिनकोड रकमेच्या जागी बसला. दुसऱ्या पत्त्यात तीन असल्याने पाचाचे आठ स्तंभ झाले आणि रकमेच्या जागी ‘सेक्टर 19’ हा मजकूर आला. हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण बेरीज करताना एक्सेल मजकूर निमूटपणे वगळते; ८५० रुपये गळतात आणि कोठेही चूक दाखवली जात नाही.

यावरचा उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. २००५ च्या आरएफसी 4180 या दस्तऐवजात लिहिले आहे की ज्या मजकुरात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा ओळ तुटण्याची खूण असेल, तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा आणि आतले अवतरणचिन्ह दोनदा लिहावे. हे मी ग्राहक सेवेला उदाहरणासह कळवले. सप्टेंबरच्या अपडेटनंतर १०४२ क्रमांकाची ओळ अशी उतरू लागली:

```
1042,ग्राहक ख,"फ्लॅट 302, बी विंग, सेक्टर 19, नेरूळ",400706,850
```

मात्र दुरुस्ती अर्धीच निघाली. फक्त स्वल्पविराम असलेल्या पत्त्यालाच अवतरणचिन्हे लागतात. ग्राहकाने स्वल्पविरामाऐवजी एंटर दाबून पत्ता दोन ओळींत लिहिला असेल, तर लागत नाहीत.

```
1107,ग्राहक ग,तळमजला
नौपाडा,400602,540
```

येथे एका बिलाच्या दोन ओळी होतात, ‘नौपाडा’ बिल क्रमांकाच्या स्तंभात जाते आणि ५४० रुपये पत्त्याच्या स्तंभात. म्हणून आता मी बेरीज करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहते: सहावा स्तंभ आणि त्यापुढचे रिकामे आहेत का, आणि ओळींची संख्या ॲपमधील बिलांच्या संख्येइतकी आहे का.

```
=COUNTA(F:J)
=COUNTA(A:A)-1
```

पहिल्याचे उत्तर शून्य यायला हवे. जुन्या फायलींतील जादा स्तंभ मी हातानेच जोडले. पत्त्याच्या आधी दोन आणि नंतर दोन स्तंभ ठरलेले असल्याने मधले जे उरते ते पत्ताच, हे सहज कळत होते. नावातही कोणी स्वल्पविराम दिला असता, तर ही युक्ती चालली नसती.

सगळा दोष ॲपच्या माथी मारणेही योग्य नाही. पत्त्यात स्वल्पविराम आणि एंटर दोन्ही असतील, तेव्हा आता फाइल नियमाप्रमाणे बरोबर उतरते आणि दोनदा क्लिक करून उघडल्यास एक्सेल ती नीट दाखवते. तीच फाइल एक्सेलच्या पॉवर क्वेरी या आयातीच्या साधनातून घेतली, तर तेथे आपोआप तयार होणाऱ्या सूत्रात अनेकदा `QuoteStyle.None` लिहून येते आणि ओळ पुन्हा तुटते. ते `QuoteStyle.Csv` असे बदलावे लागते. नोटपॅडमध्ये अवतरणचिन्हे दिसत असतील तर गडबड वाचणाऱ्याकडे, नसतील तर लिहिणाऱ्याकडे, एवढे लक्षात ठेवले की तक्रार चुकीच्या दारात जात नाही.

एंटरबद्दलची माझी दुसरी तक्रार अद्याप प्रलंबित आहे. तोवर ऑर्डरच्या लिंकवरील पत्त्याची एकच मोठी चौकट काढून मी घर, इमारत आणि परिसर अशा तीन लहान चौकटी ठेवल्या आहेत, ज्यांत एंटर स्वीकारला जात नाही. बिलांसाठी पाचपैकी साडेचार गुण, यादी उतरवण्यासाठी दोन.