खरेदीखताचे फोटो उलटसुलट आले तर? कागद वाचणाऱ्या अ‍ॅपचा सहा महिन्यांचा अनुभव

जालन्याकडच्या आमच्या केंद्रावर खरेदीखतं वाचून तपशील शीटमध्ये भरायला हे अ‍ॅप वापरतो. सुट्टं पान ते चांगलं वाचतं. घोळ होतो तो पानं जोडताना.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. `IMG-20250614-WA0007.jpg` या नावातला शेवटचा आकडा पानाचा नसतो, आणि फोटो काढल्याची मूळ वेळही पाठवताना गळून जाते. अ‍ॅप मात्र याच नावांवरून क्रम लावतं.

एक उदाहरण घ्या. पान 1 वर ‘लिहून देणार’ या मथळ्याखाली तीन नावं. पान 2 वर मथळा न देताच 4 आणि 5, त्याखाली ‘संमती देणार’ 1 आणि 2. पान 3 च्या माथ्यावर, पुन्हा मथळा न देताच, संमती देणाऱ्यांतलं 3 रं नाव, मग मिळकतीचं वर्णन. फोटो 1, 3, 2 असे चढले की अ‍ॅप आधीचाच मथळा पुढे ओढतं. संमती देणारा तिसरा माणूस विकणाऱ्यांत जातो, आणि 4-5 ही नावं मिळकतीच्या वर्णनात जाऊन पडतात. पाच विकणारे आणि तीन संमतीवाले होते, त्याचे चार आणि दोन होतात. एकही रकाना रिकामा दिसत नाही, म्हणून चूक पटकन डोळ्यात येत नाही. यादीत 1, 2, 3, 3 असा क्रमांक दोनदा आला की समजावं, पान हललंय.

यावर खात्रीचा आधार म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का. नोंदणी झालेल्या दस्ताच्या पानावर त्यात दस्त क्रमांक, पान क्रमांक, एकूण पानं आणि वर्ष असतं. त्यावरून क्रम हातानं लावावा. दुसऱ्याच दस्ताचं पान मिसळलं असेल तर तेही इथेच सापडतं. फक्त शिक्क्याचा आकडा आणि टाइप केलेला पान क्रमांक एकत्र करू नका. शिक्क्यात जोडलेले कागदही मोजलेले असतात, त्यामुळे दोन्ही आकडे बहुधा जुळत नाहीत. फोटो कातरताना शिक्का उडाला असेल तर तो फोटो परत मागवलेला बरा.

क्रम बदलल्यावर वाचन पुन्हा चालवावं लागतं. नुसती पानं सरकवली तर आधी भरलेले रकाने तसेच राहतात. अ‍ॅपमधली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच.

गट क्रमांकाचं दुखणं वेगळं. दोन पानांवर दोन आकडे सापडले की अ‍ॅप शेवटचा ठेवतं, आणि चतुःसीमेच्या पानावर असतो शेजाऱ्याचा गट. म्हणून सेटिंगमध्ये ‘शेवटचं मूल्य ठेवा’ बंद करून ‘दोन्ही दाखवा’ चालू केलंय. प्रत्येक मूल्यापुढे पान क्रमांक दिसतो, निवड माणूस करतो. शेवटी गट, क्षेत्र, मोबदला आणि नावं सूची क्रमांक 2 शी ताडून घेतो. तिथे मोबदला आणि बाजारभाव हे दोन वेगळे आकडे असतात, तेवढं बघा.

पाच-सहा पानांच्या दस्ताला हे चालतं. जुन्या हस्तलिखित दस्तांत शिक्काच पुसट असतो, तिथे अ‍ॅप उघडूच नये.